रेफरल बोनसचा मेल आला: नाव सुचवण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत

एप्रिल २०२५ मध्ये आमच्या ऑफिसात रेफरल बोनसची नवी योजना जाहीर झाली: ओळखीच्या माणसाचं नाव सुचवायचं, तो नोकरीला लागला की बोनस. आम्ही नागपूरच्या मिहानमध्ये काम करतो. त्या दिवशी दुपारच्या डब्याला सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा होता, चाळीस हजार. पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत नोकरी करणारे आणि नागपुरात परत यायचं म्हणणारे मित्र-मैत्रिणी आपल्यापैकी प्रत्येकाला असतात. आईवडील इथे एकटे असतात, घर इथेच असतं, फक्त नोकरी मिळायची राहिलेली असते. त्यामुळे नावं सुचायला वेळ लागत नाही.

मी दोन नावं दिली. दोघांनाही नोकरी लागली आणि दोघंही आज आमच्याकडे काम करताहेत. बोनस मात्र मला एकाचाच मिळाला. दुसऱ्याचा का गेला ते मला तीन महिन्यांनी कळलं, आणि कारण त्याच मेलच्या खालच्या भागात लिहिलेलं होतं. नुकत्याच लागलेल्या सहकाऱ्यांचं तसं नुकसान होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आकडे आमच्या योजनेचे आहेत. तुमच्या कंपनीचे वेगळे असतील, पण अटी बहुतेक ठिकाणी अशाच घाटाच्या असतात.

१. रकमेच्या तक्त्याआधी तारखा वाचा

आमच्या मेलमध्ये रकमेचा तक्ता सगळ्यात वर होता. दोन वर्षांपर्यंत अनुभव असलेल्या उमेदवारासाठी १०,००० रुपये, दोन ते पाच वर्षांसाठी २५,०००, पाचच्या पुढे ४०,०००. त्याखाली लहान अक्षरात होतं: "योजना १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात लागू."

या ओळीचे तीन अर्थ निघू शकतात. त्या काळात तुम्ही नाव सुचवायचं, की त्या काळात उमेदवाराला ऑफर मिळायला हवी, की तो त्या काळात रुजू व्हायला हवा? फरक किती मोठा आहे बघा. तुम्ही सप्टेंबरात नाव दिलं, ऑक्टोबरात ऑफर आली आणि नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड संपवून माणूस जानेवारीत आला, तर पहिल्या अर्थाने तुम्ही पात्र ठरता आणि तिसऱ्या अर्थाने साफ बाहेर. आयटीत साठ ते नव्वद दिवसांची नोटीस नेहमीची असल्यामुळे हा प्रश्न दर दुसऱ्या माणसाला लागू पडतो.

मी एचआरला मेल करून विचारलं. "नाव पोर्टलवर नोंदवल्याची तारीख धरली जाईल," असं उत्तर आलं आणि ते मी जपून ठेवलं. हा प्रश्न तोंडी विचारू नका. ज्यांनी उत्तर दिलं त्यांची बदली होते, ते नोकरी सोडतात, आणि सहा महिन्यांनी नव्या माणसाला ते आठवण्याचं कारणच नसतं.

२. तुम्ही स्वतः पात्र आहात का

इथे फार वेळ जात नाही. बहुतेक योजनांत कायम कर्मचारी पात्र असतात. इंटर्न आणि दुसऱ्या एजन्सीच्या पगारावर असलेले कंत्राटी सहकारी नसतात. भरती करणारी एचआर टीम वगळलेली असते, कारण माणसं शोधणं हेच तिचं काम. ज्या मॅनेजरच्या टीममध्ये जागा आहे तो आणि त्या जागेची मुलाखत घेणारेही त्या जागेपुरते वगळलेले असतात.

त्यातली शेवटची अट नव्या लोकांना अडचणीत आणते. तुम्ही नाव दिलंत, आणि दोन आठवड्यांनी टीम लीडने त्याच जागेच्या मुलाखतीला बसायला सांगितलं, तर लगेच सांगा की हा उमेदवार माझा रेफरल आहे. बोनस तर वाचतोच, शिवाय उमेदवाराची निवड झाल्यावर त्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही. नातं असेल तर पोर्टलवर "ओळख कशी" या रकान्यात ते स्पष्ट लिहा. चुलत, मावस, आते, सगळं लिहा. नातं लपवलेलं नंतर उघड झालं तर बोनस दुय्यम ठरतो, नोकरीवर गदा येऊ शकते.

३. नाव टाकण्याआधी उमेदवाराला फोन करा

माझा पहिला बोनस इथेच गेला.

आमच्या नंदनवनातल्या शेजाऱ्यांचा मुलगा, तीन वर्षांचा अनुभव, टेस्टिंगमध्ये काम केलेला. संध्याकाळी त्याला जागेबद्दल सांगितलं आणि म्हटलं, सीव्ही पाठव, उद्या ऑफिसात गेल्यावर टाकते. त्याने रात्रीच सीव्ही पाठवला. मी दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोर्टलवर चढवला. तो निवडला गेला, रुजू झाला. तीन महिने झाले, माझ्या पगारात काही आलं नाही. विचारल्यावर एचआरने स्क्रीन दाखवली. त्याच्या नावापुढे `Source` या रकान्यात `Career Site` होतं आणि माझ्या नोंदीपुढे `Duplicate`.

मी त्याला विचारलं. तो अगदी साधेपणाने म्हणाला, "ताई, त्या रात्रीच मी वेबसाइटवरूनही अप्लाय करून टाकलं होतं ना. म्हटलं दोन्हीकडून गेलं तर बरंच."

त्यात त्याची काही चूक नव्हती, मीच त्याला सांगायला हवं होतं. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदवार ओळखला जातो तो ईमेल आणि मोबाइल नंबरावरून. जो स्रोत आधी नोंदला गेला तो त्या उमेदवाराचा मालक ठरतो आणि आमच्याकडे ही मालकी सहा महिने टिकते. त्या काळात दुसऱ्या कोणी तेच नाव दिलं तर ते आपोआप मागे पडतं. पहिला स्रोत कंपनीची वेबसाइट असू शकते, भरती एजन्सी असू शकते किंवा तुमच्याच मजल्यावरचा दुसरा सहकारी. एजन्सीच्या बाबतीत तर कंपनीला तिची फी द्यावी लागते, म्हणून त्यावर तुमचा बोनस वेगळा मिळत नाही.

म्हणून फोनवर हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पोर्टल उघडू नका. "गेल्या सहा महिन्यांत आमच्या कंपनीत कुठूनही अर्ज केलास का, एजन्सीमार्फतसुद्धा?" आणि "आमच्याकडे आधी कधी काम केलं आहेस का?" दुसरा प्रश्न यासाठी, की परत येणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी बोनस नसतो. दोन्हींचं उत्तर "नाही" आलं तर त्याला सांगा की माझी पावती येईपर्यंत दुसरीकडून अर्ज करू नकोस. उत्तर "हो" आलं तरी नाव जरूर सुचवा, त्याची नोकरी महत्त्वाची आहे. फक्त बोनसचा हिशोब मनात धरू नका.

याच फोनवर त्याची परवानगीही घ्या. त्याचा नंबर, सध्याचा पगार, कंपनीचं नाव हे सगळं तुम्ही दुसऱ्यांच्या हाती देणार आहात. तो सध्याच्या ऑफिसात कोणाला न सांगता नोकरी शोधत असेल तर त्याला ते आधी माहीत असायलाच हवं.

नागपुरातल्या नोकरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अनोळखी लोक रेफरल मागतात, काही जण बोनसमधला वाटा देऊ करतात, काही जण आगाऊ पैसेही. अशा व्यवहारात पडू नका. नोकरीसाठी उमेदवाराकडून रुपया घेतल्याचं दिसलं तर कंपनी थेट शिस्तभंगाची कारवाई करते, आणि गरजू माणसाकडून त्यासाठी पैसे घेणं मुळातच वाईट आहे. बोनस मिळाल्यावर स्वखुशीने त्याला सावजी खाऊ घाला, त्याला कोणी हरकत घेत नाही.

४. पोर्टलवर नोंद करा आणि पावती जपा

मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर सीव्ही पाठवणं म्हणजे रेफरल नव्हे. मॅनेजरने तो एचआरला पुढे पाठवला आणि त्यांनी हाताने भरला, तर स्रोत म्हणून तुमचं नाव लागेलच याची खात्री नसते. नोंद तुम्ही स्वतः, तुमच्या लॉगिनमधून करायची. त्यासाठी हाताशी एवढं असू द्या:

- उमेदवाराचा ताजा सीव्ही, पीडीएफमध्ये
- तो नेहमी वापरतो तो ईमेल आणि मोबाइल नंबर, सीव्हीवर आहेत तेच
- जागेचा क्रमांक, मेलमध्ये किंवा अंतर्गत जॉब पेजवर असतो
- नोटीस पिरियड किती आणि तो कमी होऊ शकतो का
- ओळख कशी आणि किती वर्षांची, दोन वाक्यांत

जागेचा क्रमांक विसरू नका. क्रमांक न घालता केलेली नोंद सर्वसाधारण साठ्यात पडून राहते आणि तिकडे कोणी महिनोन्‌महिने बघत नाही. शिवाय काही योजनांत विशिष्ट जागांवरच बोनस असतो. आमच्याकडे यादीत नसलेल्या जागेवर माणूस घेतला गेला तर काहीच मिळत नाही.

नोंद झाली की पावतीचा मेल येतो, त्यात रेफरल क्रमांक आणि तारीख असते. तो मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यासोबत योजनेचा मूळ मेलही पीडीएफ करून ठेवा. योजना मध्येच बदलतात आणि अंतर्गत पानावर जुना मजकूर राहत नाही. चोवीस तासांत पावती आली नाही किंवा पोर्टलवर `Duplicate` दिसलं, तर त्याच दिवशी विचारा. माणूस रुजू झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला, माझ्यासारखं, फक्त स्क्रीन बघायला मिळते.

५. पैसे कधी येतील ते तारखा मांडून बघा

आमच्या मेलमध्ये लिहिलं होतं: "अर्धी रक्कम ९० दिवसांनंतर, अर्धी १८० दिवसांनंतर, पुढील पगारासोबत." हे वाचून मला वाटलं, मेमध्ये नाव दिलं की ऑगस्टात पैसे. प्रत्यक्षात दिवस मोजायला सुरुवात होते ती उमेदवार रुजू झाल्यावर.

माझी दुसरी उमेदवार माझी कॉलेजची ज्युनिअर. पुण्यात सहा वर्षं काम केलेली, आईच्या आजारपणामुळे नागपुरात परतायचं म्हणत होती. तिच्याबाबतीत तारखा अशा गेल्या.

१२ मे २०२५ ला मी नाव नोंदवलं. तीन मुलाखती होऊन ९ जूनला ऑफर लेटर आलं आणि तिने त्याच दिवशी राजीनामा दिला. साठ दिवसांची नोटीस ८ ऑगस्टला संपली आणि सोमवारी, ११ ऑगस्टला ती आमच्याकडे रुजू झाली. रुजू झाल्याचा दिवस पहिला धरला तर नव्वदावा दिवस ८ नोव्हेंबर. आमच्या पेरोलची कट-ऑफ, म्हणजे त्या महिन्याच्या पगारात रक्कम धरण्याची शेवटची तारीख, दर महिन्याच्या २० तारखेला असते. ८ तारीख तिच्या आत बसली, म्हणून पहिले २०,००० नोव्हेंबरच्या पगारात आले. एकशे ऐंशीवा दिवस ६ फेब्रुवारी २०२६, म्हणून उरलेले २०,००० फेब्रुवारीच्या पगारात.

म्हणजे नाव दिल्यापासून शेवटचा रुपया येईपर्यंत नऊ महिने लागले, आणि यात कोणाकडूनही एक दिवसाची दिरंगाई झालेली नव्हती. हा काळ गृहीत धरूनच घरच्या खर्चाचा विचार करा.

कट-ऑफचा परिणामही लक्षात घ्या. ती ११ ऐवजी २५ ऑगस्टला आली असती तर नव्वदावा दिवस २२ नोव्हेंबरला पडला असता. कट-ऑफ दोन दिवसांपूर्वी होऊन गेलेली, म्हणून पैसे डिसेंबरच्या पगारात. अशा वेळी नोव्हेंबरची पगारस्लिप बघून घाबरू नका, आधी दिवस मोजा.

या काळात तीन गोष्टी बोनस थांबवू शकतात. पहिली, उमेदवाराने त्या तारखेपूर्वी नोकरी सोडणं. दुसरी, तुम्ही स्वतः सोडणं. यात फसायला होतं, कारण बहुतेक योजनांत "पैसे देण्याच्या दिवशी दोघंही सेवेत असावेत आणि नोटीसवर नसावेत" अशी अट असते. तुम्ही नोटीस दिलीत आणि नव्वदावा दिवस नोटीसच्या काळात आला, तर तुम्ही रोज ऑफिसात येत असलात तरी हप्ता मिळत नाही. नोकरी बदलायचं चाललं असेल तर राजीनाम्याची तारीख ठरवताना हे एकदा मांडून बघा. तिसरी गोष्ट म्हणजे प्रोबेशन. काही कंपन्या ९० दिवस न मोजता उमेदवार कायम होण्याची वाट बघतात, आणि प्रोबेशन वाढवलं गेलं की तुमची तारीखही पुढे जाते.

वसुलीची अटही वाचा. काही ठिकाणी उमेदवार वर्षाच्या आत गेला तर दिलेली रक्कम तुमच्याकडून परत कापतात, तुम्ही सोडत असाल तर फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून. आमच्याकडे तशी अट नाही, म्हणूनच रक्कम दोन हप्त्यांत मिळते.

६. हातात किती पडेल

मेलमधली रक्कम कर कापण्यापूर्वीची असते. रेफरल बोनस हा कर्मचाऱ्यासाठी पगाराचाच भाग धरला जातो आणि त्यावर पगारासारखाच टीडीएस कापला जातो. "बक्षीस आहे, त्यावर कर नाही" हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. दिवाळीच्या आसपास मिळणाऱ्या कायदेशीर बोनसशी याचा संबंध नाही. तो वेगळा, हा वेगळा.

२०२५-२६ या वर्षासाठी नव्या कर पद्धतीत साधारण असं घडतं. वर्षाचा पगार नऊ लाख असेल तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या बरंच खाली राहतं, बारा लाखांपर्यंतची करसूट लागू होते आणि २०,००० चे २०,००० हातात येतात. पगार सोळा लाख असेल तर वरच्या रकमेवर १५ टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २०,००० वर ३,१२० रुपये जातात आणि १६,८८० उरतात.

खरी अडचण मधल्या लोकांची आहे, आणि नागपुरात सात-आठ वर्षं अनुभव असलेले बरेच जण नेमके तिथे असतात. समजा पगार बरोबर १२,७५,००० आहे. वजावटीनंतर करपात्र उत्पन्न १२,००,०००, कर शून्य. आता ४०,००० चा बोनस आला आणि उत्पन्न १२,४०,००० झालं. सूट गेली, आणि स्लॅबप्रमाणे कर ६६,००० होतो. बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर घेऊ नये, अशी सवलत कायद्यात आहे, म्हणून कर ४०,००० वर थांबतो. पण त्यावर ४ टक्के उपकर लागतो. एकूण ४१,६००. पूर्ण बोनस गेला आणि वर खिशातून १,६०० गेले.

आमच्या टीममधल्या एका दादाच्या बाबतीत असंच झालं. नोव्हेंबरच्या स्लिपवर २०,००० जमा आणि २०,८०० टीडीएस बघून त्यांना वाटलं पेरोलची चूक झाली. चूक नव्हती. तुमचा पगार या सीमेजवळ असेल तर नाव देतानाच पेरोलशी बोला. कंपनीकडून एनपीएस या पेन्शन योजनेत भरणा करून घेण्याची सोय असेल तर मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या पद्धतीतही वजा होते आणि उत्पन्न पुन्हा बारा लाखांच्या आत येऊ शकतं. पण तो पैसा निवृत्तीपर्यंत अडकतो आणि अनेक कंपन्यांत हा पर्याय वर्षाच्या सुरुवातीलाच निवडावा लागतो, म्हणून बोनस हातात आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

७. पैसे आले नाहीत तर

कट-ऑफ उलटून आलेल्या पहिल्या पगारात रक्कम नसेल तर आठवडाभरात मेल करा. लांबलचक तक्रार नको. मी पुढच्यांना हाच मजकूर देते:

"नमस्कार, रेफरल क्रमांक (इथे क्रमांक). नोंद १२ मे, रुजू ११ ऑगस्ट, ९० दिवस ८ नोव्हेंबरला पूर्ण. नोव्हेंबरच्या पगारात पहिला हप्ता दिसत नाही. पावतीचा मेल सोबत जोडला आहे. हा हप्ता कोणत्या पगारात येईल ते कृपया कळवावे."

हा मेल पेरोलला एकट्याला पाठवू नका, भरती टीमलाही त्यात ठेवा. आमच्याकडे हप्त्यांची यादी भरती टीम बनवते आणि पेरोल ती फक्त भरते. यादीतच नाव नसेल तर पेरोलच्या हातात काही नसतं, आणि दोन टीमांच्या मध्ये मेल फिरत राहतो.

दुसऱ्या हप्त्याची आठवण स्वतःच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका, कारण सहा महिन्यांनी योजना बंद झालेली असते आणि यादी करणारी व्यक्ती बदललेली असते. मला फेब्रुवारीत असाच मेल पाठवावा लागला. तारखा आणि पावती सोबत असल्यामुळे तासाभरात उत्तर आलं आणि रक्कम त्याच पगारात लागली. फॉर्म १६ हातात आला की दोन्ही हप्ते पगाराच्या रकमेत धरले आहेत का आणि त्यांचा टीडीएस जमा दिसतो का, एवढं स्लिपशी जुळवून बघा, मगच रिटर्न भरा.